टीव्हीची सिस्टीम: आधी काय म्हातारं होतं?

प्रश्न: 2019 साली घेतलेला टीव्ही आता फार अडकतो, दोन ॲप तर चालेनाशी झाली. नवा घेताना टायझेन, वेबओएस की गूगल टीव्ही? ॲप कशावर जास्त मिळतात, अपडेट किती वर्षं येतात आणि लवकर स्लो कोण होतं?

उत्तर:

ब्रँडच्या नावावरून या तिन्ही गोष्टी कळत नाहीत. टीव्ही कारखान्यातून बाहेर पडला तेव्हा त्याच्या आत काय कायमचं गोठलं आणि काय नंतरही बदलत राहणार, हे पाहिलं की मात्र तिन्हींची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात. सॅमसंगच्या टायझेनमध्ये आणि एलजीच्या वेबओएसमध्ये गोठतं ते ब्राउझर इंजिन. गूगल टीव्हीमध्ये ॲप आणि त्यांच्या खालचे बरेचसे भाग नवे होत राहतात, पण रॅम आणि स्टोरेज आहे तेवढंच राहतं. म्हणून पहिल्या प्रकारचा टीव्ही जुना होताना आधी ॲप गमावतो, आणि दुसऱ्या प्रकारचा आधी वेग गमावतो. शेवटी दोघेही तिथेच पोचतात, फक्त वाटा वेगळ्या.

ॲपचं आयुष्य इंजिन ठरवतं

टायझेन, वेबओएस आणि हायसेन्सचं विडा यांवरची बहुतेक ॲप म्हणजे खरं तर वेबसाइटच असतात. आयकॉन दाबला की आत क्रोम ब्राउझरचं मूळ असलेलं क्रोमियम हे इंजिन उघडतं आणि त्यात सेवेचं पान चालू होतं. संगणकावरचा ब्राउझर दर महिन्याला नवा होतो. टीव्हीतलं इंजिन तसं होत नाही, ते सिस्टीमच्या आवृत्तीला बांधलेलं असतं. फर्मवेअर अपडेट आला म्हणून इंजिन बदललं असं समजू नका. वेबओएस 4.0 चं वेबओएस 5.0 झालं तरच ते बदलतं, आणि 2018 ते 2021 च्या टीव्हींना सर्वसाधारणपणे अशी बढती मिळालेली नाही.

वेबओएसचा हिशोब असा आहे. 2018 च्या वेबओएस 4.0 मध्ये आणि 2019 च्या 4.5 मध्येही क्रोमियम 53 आहे. क्रोमियम 53 हे 2016 च्या ऑगस्टच्या आसपासचं. म्हणजे तुमचा 2019 चा टीव्ही जर वेबओएसचा असेल, तर तो खोक्यातून बाहेर आला त्याच दिवशी त्याचं इंजिन अडीच-तीन वर्षं जुनं होतं. 2020 च्या वेबओएस 5 मध्ये क्रोमियम 68 आलं, 2021 च्या 6 मध्ये 79, वेबओएस 22 मध्ये 87, 23 मध्ये 94, 24 मध्ये 108 आणि 25 मध्ये 120. टायझेन साधारण याच चालीने चाललं: 2019 च्या टायझेन 5.0 मध्ये 63, 2020 च्या 5.5 मध्ये 69, 2021 च्या 6.0 मध्ये 76, 2022 च्या 6.5 मध्ये 85, 7.0 मध्ये 94, 8.0 मध्ये 108 आणि 9.0 मध्ये 120.

यातली एक उडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. 2019 चा वेबओएस टीव्ही आणि 2020 चा वेबओएस टीव्ही यांच्यात दुकानात एका वर्षाचं अंतर दिसतं, पण इंजिनात पंधरा आवृत्त्यांचं अंतर आहे. क्रोमियम 53 ला जावास्क्रिप्टमधलं `async` आणि `await` कळत नाही (ते 55 मध्ये आलं), सीएसएस ग्रिड कळत नाही (ते 57 मध्ये आलं) आणि जावास्क्रिप्टची मॉड्यूलं कळत नाहीत (ती 61 मध्ये आली). आजची वेबसाइट या तिन्ही गोष्टी गृहीत धरून लिहिली जाते. अगदी 2021 च्या वेबओएस 6 मधलं क्रोमियम 79 सुद्धा `?.` या चिन्हाशी अडखळतं, कारण ते बरोबर पुढच्या आवृत्तीत, म्हणजे 80 मध्ये आलं.

मग जुन्या टीव्हीवर ॲप चालतात कशी? सेवा देणारी कंपनी आपला नवा कोड जुन्या इंजिनाला कळेल अशा भाषेत उलगडून देते आणि जे फीचर त्या इंजिनात नाही त्याची नक्कल करणारा जादा कोड सोबत जोडते. हे जमतं, पण त्याने ॲप फुगतं. म्हणजे सगळ्यात दुबळ्या टीव्हीला सगळ्यात जड कोड वाचावा लागतो. ॲप उघडताना काळ्या पडद्यावर जी गोल फिरकी दिसत राहते, तिच्यातला मोठा वाटा या कोडचा असतो. ॲपची उपलब्धता आणि टीव्हीचा वेग हे दोन वेगळे प्रश्न नाहीत असं म्हणायचं ते यासाठी.

काही वर्षांनी कंपनीला दिसतं की या जुन्या आवृत्तीवर थोडेच लोक उरलेत, आणि दर वेळी तिच्यासाठी वेगळी चाचणी करणं परवडत नाही. त्या दिवशी ॲप बंद होतं. टीव्ही बिघडलेला नसतो.

इथे एक विचित्र गोष्ट दिसते, जुन्या टीव्हीवर यूट्यूब आणि नेटफ्लिक्स चालतात, पण एखादी लहान सेवा चालत नाही. कारण या दोघांनी टीव्हीच्या इंजिनावर भरवसा ठेवलेला नाही. यूट्यूब अनेक टीव्हींवर कोबाल्ट नावाचं स्वतःचं हलकं इंजिन वापरतं, आणि नेटफ्लिक्स स्वतःचा चित्र काढणारा भाग टीव्ही कंपनीकडे देऊन तो टीव्हीतच बसवून घेतं. ज्यांच्याकडे हे करण्याइतकी माणसं नाहीत, म्हणजे क्रीडा, प्रादेशिक, बातम्या, संगीत अशा सेवा, त्या टीव्हीच्या इंजिनावर अवलंबून असतात. म्हणून नवा टीव्ही घेताना यूट्यूब चालतं का हे पाहण्यात अर्थ नाही. तुम्ही पाहत असलेली सगळ्यात लहान सेवा कोणती आहे आणि तिच्या मदत पानावर कोणत्या वर्षापासूनचे टीव्ही चालतात असं लिहिलंय, ते पाहा.

मोठे सुद्धा अमर नसतात. 2015 च्या एप्रिलमध्ये यूट्यूबने जुनी ॲप ज्यातून व्हिडिओ मागवत तो जुना एपीआय बंद केला आणि 2012 व त्याआधीच्या कित्येक टीव्हींवरचं यूट्यूब गेलं. 1 डिसेंबर 2019 ला नेटफ्लिक्सने काही जुने टीव्ही आणि रोकू या कंपनीची टीव्हीला जोडायची जुनी उपकरणं सोडली, कारण त्यांच्यातली व्हिडिओच्या कुलुपाची पद्धत कालबाह्य झाली होती. तिसरं कारण आणखी फसवं असतं, ते म्हणजे प्रमाणपत्रं. टीव्हीत सुरक्षित जोडणीसाठी मूळ प्रमाणपत्रांची एक यादी साठवलेली असते आणि त्या प्रमाणपत्रांना मुदत असते. 30 मे 2020 ला असं एक संपलं, 30 सप्टेंबर 2021 ला दुसरं. ज्या उपकरणांची यादी अपडेट झाली नव्हती त्यांच्यावर त्या दिवसापासून काही ॲप आणि वेबसाइट उघडेनात. ओळखायची खूण: बाकी सगळं नीट, इंटरनेटचा वेगही चांगला, पण एखादं ॲप रोज त्याच ठिकाणी जोडणीची तक्रार करतं. आधी टीव्हीची तारीख आणि वेळ बरोबर आहे का पाहा, कारण घड्याळ चुकलं तरी नेमकी हीच तक्रार येते. घड्याळ बरोबर असेल आणि फर्मवेअरही शेवटचा असेल, तर घरी करण्यासारखं काही उरत नाही.

तुमच्या आत्ताच्या टीव्हीतलं इंजिन पाहायचं असेल तर त्यातला ब्राउझर उघडा आणि युजर एजंट, म्हणजे ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो ती ओळ, दाखवणारं कोणतंही पान लावा. वेबओएस 6 वर साधारण अशी ओळ येते:

```
Mozilla/5.0 (Web0S; Linux/SmartTV) AppleWebKit/537.36
(KHTML, like Gecko) Chrome/79.0.3945.79 Safari/537.36
```

`Chrome/` च्या पुढचा आकडा तेवढा वाचायचा. (`Web0S` मध्ये शून्य आहे, ओ नाही. छपाईची चूक नव्हे, ते तसंच आहे.) टायझेनवर सिस्टीमची आवृत्ती कळली तरी पुरे, वरच्या हिशोबातून इंजिन कळतं.

गूगल टीव्ही आणि अँड्रॉइड टीव्हीचं वेगळं आहे. तिथे ॲप ही खरी ॲप असतात, प्ले स्टोअरमधून स्वतंत्रपणे अपडेट होतात, आणि ज्या ॲपना वेब इंजिन लागतं त्यांच्यासाठी `Android System WebView` हा भागसुद्धा स्टोअरमधूनच नवा होऊ शकतो. त्यामुळे टीव्ही कंपनीने अँड्रॉइड 9 वर सोडून दिलेला टीव्हीसुद्धा बरीच वर्षं नवी ॲप घेत राहतो. ॲप बनवणाऱ्याने किमान आवृत्ती वाढवली तरच ते स्टोअरमध्ये दिसेनासं होतं. ॲपची संख्या हाच निकष असेल तर इथे स्पर्धा नाही. व्हीएलसी, कोडी, व्हीपीएन, फाइल मॅनेजर असली कामाची ॲप टायझेन किंवा वेबओएसच्या दुकानात सहसा मिळायची नाहीत, इथे मिळतात. फक्त एक सावधगिरी घ्या: ज्या बॉक्सवर नुसतंच अँड्रॉइड लिहिलंय आणि गूगलचं प्रमाणन नाही, त्यांच्यावर ॲप बसतं, पण व्हिडिओच्या कुलुपाचा वरचा दर्जा, वाइडवाइन एल1, नसतो. मग पैसे भरूनही चित्र धुरकट, कमी रिझोल्यूशनचं येतं.

रोकूचं गणित आणखी निराळं. तिथली ॲप ब्राइटस्क्रिप्ट नावाच्या रोकूच्याच भाषेत लिहावी लागतात. सिस्टीम हलकी राहते, जुनी उपकरणंही नव्या आवृत्त्या घेत राहतात, पण जिथे रोकूचा वापर कमी तिथल्या स्थानिक सेवा तिच्यासाठी वेगळं ॲप बनवण्याच्या फंदात पडत नाहीत. ॲमेझॉनच्या फायर टीव्हीतही आता दोन पंथ झालेत. जुन्या स्टिक अँड्रॉइडवर आधारलेल्या आहेत, तर 2025 मध्ये आलेली Fire TV Stick 4K Select ही वेगा नावाच्या नव्या, अँड्रॉइड नसलेल्या सिस्टीमवर चालते. तिच्यावर अँड्रॉइड ॲपची एपीके फाइल बाहेरून टाकता येत नाही. नावं सारखी दिसतात म्हणून घाईत चुकीची घेतली जाते.

अपडेटची वर्षं: कोणती, आणि कधीपासून मोजलेली

अपडेट या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात: सिस्टीमची बढती, सुरक्षेचे पॅच, आणि ॲपचे अपडेट. टायझेन-वेबओएससाठी पहिली सगळ्यात महत्त्वाची, कारण नवं इंजिन तिच्यातूनच येतं. अँड्रॉइडमध्ये ती नसली तरी काही वर्षं निभावतं.

सॅमसंगने 2024 च्या मॉडेलांना आणि 2023 च्या काहींना सात वर्षं टायझेनची बढती देण्याचं जाहीर केलंय. एलजीच्या री:न्यू कार्यक्रमात पाच वर्षांत चार बढत्या आहेत. 2022 च्या ओएलईडी टीव्हींना त्यातूनच वेबओएस 23 मिळालं, म्हणजे इंजिन 87 वरून 94 वर गेलं. कागदावर ही दोन्ही आश्वासनं आधीच्या परिस्थितीपेक्षा कितीतरी बरी आहेत. गूगल टीव्हीत मात्र सगळ्या टीव्ही कंपन्यांना बांधणारी अशी एकच मुदत नाही. प्रत्येक कंपनी, तिची चिप आणि ते मॉडेल यांवर ठरतं, आणि एक-दोन मोठ्या बढत्यांच्या पुढे धरून चालू नये.

वेगळ्या बॉक्सचा इतिहास टीव्हीपेक्षा फार चांगला आहे. एनव्हिडियाचा 2015 चा शील्ड अँड्रॉइड 5 वर निघाला आणि 2022 मध्ये अँड्रॉइड 11 पर्यंत आला. 2015 चा ॲपल टीव्ही 2025 च्या टीव्हीओएस 26 वरही चालतो. कारण सोपं आहे: बॉक्सची मॉडेलं मोजकी, एकाच कंपनीची, आणि रॅम आधीपासून बऱ्यापैकी. टीव्ही कंपनी दरवर्षी डझनावारी मॉडेलं काढते, वेगवेगळ्या चिपवर, आणि प्रत्येकीवर नवी सिस्टीम तपासत बसावं लागतं.

मुदत मॉडेलच्या वर्षापासून मोजली जाते, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. दोन वर्षं गोदामात पडलेला टीव्ही सवलतीत घेतलात तर मुदतीची ती दोन वर्षं गेली. म्हणून मॉडेल नंबर वाचायला शिका. सॅमसंगच्या क्यूएलईडी मालिकेत शेवटचं अक्षर वर्ष सांगतं: `QN90B` हा 2022 चा, `QN90C` 2023 चा, `QN90D` 2024 चा, आणि `E` गाळून `QN90F` 2025 चा. साध्या यूएचडी मालिकेत पहिलं अक्षर पाहायचं: `AU` 2021, `BU` 2022, `CU` 2023, `DU` 2024. एलजीच्या ओएलईडीत आकडा: `C2` 2022, `C3` 2023, `C4` 2024, `C5` 2025. एलजीच्या साध्या मालिकेत `UP`, `UQ`, `UR`, `UT` हे अनुक्रमे 2021 ते 2024.

सुरक्षा पॅचची मुदत शोधायची एक आडवाट आहे. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणांची किमान सुरक्षा-अपडेट मुदत जाहीर करणं कंपन्यांना कायद्याने बंधनकारक आहे. त्या कायद्याचं नाव पीएसटीआय. तुम्ही कुठेही राहत असलात तरी कंपनीच्या ब्रिटनच्या संकेतस्थळावर `PSTI` आणि मॉडेल मालिका शोधून पाहा. मॉडेल तुमच्याकडे मिळणाऱ्यापेक्षा थोडं वेगळं असू शकतं, पण जाहिरातीपेक्षा हा कागद भरवशाचा. ॲमेझॉन तर सरळच सांगतं की उपकरण त्यांच्या साइटवर नवं म्हणून विकलं जाणं थांबल्यापासून किमान चार वर्षं सुरक्षा अपडेट मिळतील. मोजायची ही पद्धत ग्राहकाच्या सोयीची आहे, कारण इथे घड्याळ विक्री संपल्यावर सुरू होतं.

आणि बढती मिळाली म्हणजे सगळं भलंच झालं असं नाही. नवी सिस्टीम नव्या टीव्हीच्या रॅमचा अंदाज धरून बनते. होम स्क्रीनवर शिफारशी आणि हलत्या जाहिराती वाढतात, आणि जुन्या रॅमवर त्या बसवाव्या लागतात. माझं मत असं की ॲप चालत असतील आणि टीव्ही तीन वर्षांपेक्षा जुना असेल, तर मोठी बढती आल्याबरोबर घेऊ नये. महिनाभर थांबावं आणि त्याच मॉडेलवाल्यांच्या तक्रारी वाचाव्यात. परत जुन्या आवृत्तीवर जायची सोय बहुतेक टीव्हींवर नसते.

स्लो म्हणजे नेमकं कुठे अडकतंय?

यात तीन दुखणी असतात आणि तिन्हींवर औषध वेगळं.

पहिलं रॅमचं. चाचणी एका मिनिटाची: एका ॲपमध्ये व्हिडिओ लावा, होम दाबा, दुसरं ॲप उघडा, परत पहिल्यात या. ते होतं तिथेच उघडलं तर रॅम पुरतेय. लोगोपासून सुरुवात झाली तर सिस्टीमने जागा करण्यासाठी ते मारून टाकलं होतं. वेबओएसवर ब्राउझरमध्ये जड पान उघडलं की `This app will now restart to free up more memory` असा संदेश येतो, तो याचाच.

दुसरं स्टोरेजचं. ॲप अपडेट होत नाहीत, जागा नाही असं म्हणतात, आणि सगळंच, अगदी सेटिंग्जसुद्धा, थबकत चालतं. टीव्हीत ईएमएमसी नावाची स्वस्त मेमरी असते. ती जवळपास भरली की लिहिण्याआधी आतल्या आत सामान हलवून जागा करावी लागते, आणि तेवढ्या वेळात रिमोटचं बटण वाट पाहतं.

तिसरं इंजिन किंवा प्रोसेसरचं: होम स्क्रीन ठीक, जुनी ॲप ठीक, फक्त काही ठराविक ॲप जड. टायझेन-वेबओएसवर बहुधा हेच असतं आणि त्यावर घरगुती उपाय नाही.

अँड्रॉइडवर पहिली दोन दुखणी आकड्यांत पाहता येतात. `Settings > System > About` मध्ये `Android TV OS build` वर सात वेळा दाबा, मग `Developer options` मध्ये `USB debugging` चालू करा. नव्या आवृत्तीत `Wireless debugging` दिसत असेल तर आधी `adb pair` ने जोडणी करावी लागते, आणि खालच्या 5555 च्या जागी त्या पानावर दिसणारा पोर्ट टाकावा लागतो. मग त्याच वायफायवरच्या, गूगलचं `adb` हे साधन बसवलेल्या संगणकावरून (टीव्हीचा आयपी आपापला टाकायचा):

```
adb connect 192.168.1.40:5555
adb shell getprop ro.build.version.release
adb shell getprop ro.build.version.security_patch
adb shell cat /proc/meminfo
adb shell df -h /data
```

समजा 2019 च्या एका 2 जीबी रॅम आणि 8 जीबी स्टोरेजच्या टीव्हीवर अँड्रॉइड 9 दिसलं, `MemTotal` 1420000 kB, `MemAvailable` 230000 kB, आणि `/data` चं माप 4.3G, त्यातले 3.9G वापरलेले. याचा अर्थ लावू.

खोक्यावर 2 जीबी होती आणि दिसतेय साधारण 1.4. उरलेली चोरीला गेलेली नाही. व्हिडिओ उलगडणाऱ्या भागासाठी आणि ग्राफिक्ससाठी ती आधीच बाजूला काढून ठेवलेली असते. फोर-के चित्रासाठी ही जागा मोठी लागते. त्यामुळे 2 जीबीचा टीव्ही आणि 2 जीबीचा फोन यांची तुलना करू नये. मोकळी 230 एमबीच्या आसपास आहे, म्हणजे एक ॲप चाललं की दुसऱ्याला जागा नाही. हे आकडे होम स्क्रीनवर बसून घेतलेले असतील तर अवस्था वाईट, व्हिडिओ चालू असताना घेतलेले असतील तर चालण्यासारखी. म्हणून कधी मोजलं ते लिहून ठेवा.

स्टोरेजचं मात्र स्पष्टच आहे. 4.3 मधले 3.9 म्हणजे नव्वद टक्के भरलंय. 8 जीबीच्या टीव्हीत वापरणाऱ्याला चार-साडेचार जीबीच मिळतात. Chromecast with Google TV च्या फोर-के मॉडेलमध्येही 8 पैकी 4.4 जीबीच हाती येत होते. घेतल्या दिवशी सहा ॲप आरामात मावतात. पण प्रत्येक ॲप दरवर्षी फुगतं, आणि कारखान्यातून आलेल्या ॲपचा अपडेट जुन्या प्रतीची जागा घेत नाही. जुनी प्रत सिस्टीमच्या भागात तशीच पडून राहते आणि नवी `/data` मध्ये वेगळी बसते. एकही नवं ॲप न टाकता टीव्ही भरतो तो असा.

उपाय याच क्रमाने करा. आधी `adb shell pm list packages -3` ने आपण टाकलेली ॲप पाहून न लागणारी काढा. मग कारखान्यातून आलेली पण न वापरलेली ॲप `Settings > Apps` मध्ये जाऊन `Uninstall updates` आणि `Disable` करा. जागा परत येते ती मुख्यतः इथून. `Clear cache` ने मिळालेली जागा आठवडाभरात पुन्हा भरते, त्यावर वेळ घालवू नका. निदान एक जीबी मोकळी ठेवायची, कारण ॲपचा अपडेट बसताना जुनी आणि नवी प्रत काही काळ शेजारी शेजारी असतात. पुढे `Settings` मध्ये आपल्या खात्याखाली `Apps only mode` चालू केला की होम स्क्रीनवरच्या शिफारशी बऱ्याच कमी होतात, आणि रॅमची चणचण असलेल्या टीव्हीवर हा फरक डोळ्यांना दिसतो. `pm uninstall --user 0` ने सिस्टीमची ॲप उडवण्याच्या युक्त्या सगळीकडे लिहिलेल्या असतात. `com.google.android.gms` या गूगल प्ले सर्व्हिसेसला आणि होम स्क्रीन दाखवणाऱ्या चालू लाँचरला हात लावला तर काळा पडदा घेऊन बसावं लागेल.

सगळ्यात स्वस्त उपाय तर कुठल्याही सिस्टीमवर चालतो. रिमोटने टीव्ही बंद केला की तो बंद होत नाही, झोपतो. महिनोन्महिने तो नव्याने सुरूच झालेला नसतो आणि गळती लागलेली ॲप रॅममध्ये तशीच असतात. सॅमसंगच्या रिमोटचं पॉवर बटण टीव्ही बंद होऊन परत सुरू होईपर्यंत दाबून धरा, साधारण पाच सेकंद. अँड्रॉइडवर `Settings > System > Restart`. एलजीवर `Quick Start+` बंद करून प्लग मिनिटभर काढा. आठवड्यातून एकदा पुरे. टायझेनवर याने भागलं नाही तर `Settings > Support > Device Care > Self Diagnosis > Reset Smart Hub`. पिन बदलला नसेल तर `0000`. सगळी ॲप निघून जातात, खाती परत भरावी लागतात. फॅक्टरी रीसेटनेही इंजिन बदलत नाही हे ध्यानात ठेवून करा: साचलेला कचरा असेल तर फरक पडतो, इंजिन जुनं असेल तर दोन दिवसांत पूर्वपदावर.

मग घ्यायचं काय

2019 चा टीव्ही वेबओएसचा असेल आणि पॅनेल चांगला असेल तर तो बदलायची गरजच नाही. क्रोमियम 53 सुधारणार नाही, पण एचडीएमआयला बॉक्स किंवा स्टिक लावली की ते इंजिन वापरातूनच जातं. स्टिकला वीज तिच्याच अडॅप्टरवरून द्या. टीव्हीचा साधा यूएसबी 2.0 पोर्ट नियमाप्रमाणे 0.5 अँपिअर देतो, आणि जड व्हिडिओच्या ऐन वेळी स्टिक रीस्टार्ट होते ती बहुतेकदा यामुळे; लोक दोष स्टिकला देतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी चालू करा म्हणजे एकच रिमोट पुरेल, आणि टीव्हीचं स्वतःचं वायफाय बंद करा. ज्या सिस्टीमचं काम आता फक्त इनपुट बदलणं एवढंच आहे, तिला जाहिराती ओढत बसू देण्यात काही मिळत नाही. बॉक्स घेताना रॅम पाहा: 1 जीबीची स्टिक आज बरी चालते, पण तिला मागे सरकायला जागा नाही. 2024 च्या Google TV Streamer मध्ये 4 जीबी रॅम आणि 32 जीबी स्टोरेज आहे. वरच्या उदाहरणातल्या टीव्हीशी ते आकडे ताडून पाहा.

नवाच टीव्ही घ्यायचा असेल आणि बाहेर काही लावायचं नसेल, तर 2024 किंवा नंतरच्या मॉडेलवर्षाचा टायझेन किंवा वेबओएस घ्यावा, कारण इंजिन 108 किंवा त्याच्या पुढचं आहे आणि बढतीचं लेखी आश्वासन आहे. तुमची एखादी सेवा फक्त अँड्रॉइडवरच असेल तर गूगल टीव्ही, पण 2 जीबी आणि 8 जीबीचा नको. 3 जीबी रॅम आणि 16 जीबी स्टोरेजच्या खाली उतरू नका. हे आकडे पुष्कळदा खोक्यावर नसतात. दुकानातल्या मांडलेल्या टीव्हीवर `Settings > System > Storage` उघडा. एकूण जागा चार-पाच जीबी दिसली की तो 8 जीबीवाला आहे. रॅमसाठी वर सांगितलेली दोन ॲपमधली ये-जा तिथेच करून पाहा. पण आधी विक्रेत्याला टीव्ही डेमो मोडमधून बाहेर काढायला सांगा, नाहीतर मागे चालू असलेल्या जाहिरातीमुळे चांगला टीव्हीसुद्धा अडखळताना दिसेल.